कुंपण, मोकळी, राखीव

गवत मोजायची परवानगी मला विद्यापीठाने दिली, पण टेंभरीपाड्याच्या माळावर पाऊल ठेवायला साईनाथशेटची परवानगी लागली. माळ गावाच्या गुरांचा, म्हणजे गुरचरण. कागदोपत्री तो सरकारचा, वापरात गावाचा, आणि शेटचा तर कशातच नाही. तरी परवानगी त्यांचीच, कारण ते आमच्या मुरबाडच्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष आणि मी त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी, दर जूनमध्ये नव्याने नेमणूक होणारी बाई. किन्हवलीहून पहिली जीप पकडून यायचं, अन्नद्रव्यं वर कशी चढतात ते शिकवायचं आणि कुणाला नाराज न करता परत जायचं, एवढीच माझ्याकडून अपेक्षा होती.

मला पीएचडी करायची होती. प्रश्न साधा होता. गुरं चरल्याने माळाचं नेमकं काय होतं? गवत किती वाढतं, आणि किती जातींच्या वनस्पती टिकतात? याचं उत्तर आमच्या तालुक्यात सगळ्यांना पाठ होतं, फक्त प्रत्येकाचं वेगळं होतं. वनखात्याचा माणूस म्हणायचा गुरांनी वाटोळं केलं, गावकरी म्हणायचे गुरं नसतील तर माळ कशाला म्हणायचं, आणि आमचे प्राचार्य म्हणायचे की विषय चांगला आहे पण फोटो चांगले यायला हवेत.

शेटनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं. एके काळी ते गवताचे मोठे व्यापारी. दिवाळीनंतर मुरबाड-शहापूरचं गवत दाबून त्याच्या गाठी मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचे. पुढे गवतापेक्षा गवताखालची जमीन जास्त कामाची आहे हे त्यांच्या लक्षात आलं. आता त्यांना टेंभरीपाड्याच्या माळावर संस्थेचं 'निसर्ग शिक्षण संकुल' बांधायचं होतं. नकाशात शिक्षणाची एक खोली होती आणि कॉटेजेस बऱ्याच.

"मॅडम, गुरचरण मिळवायचं तर ग्रामसभेचा ठराव लागतो," ते म्हणाले. "आणि गावाला समजावायचं तर शास्त्र लागतं. गुरांनी माळ खाऊन संपवला, तो बंद केला तरच वाचेल, हे तुम्ही सिद्ध करा. माळ आमच्या ताब्यात द्या, आम्ही राखू."

म्हणजे माझ्या प्रबंधाचा निष्कर्ष तयार होता, फक्त प्रयोग तेवढा राहिला होता. लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्यावर मुलगी बघायला निघावं तसं.

मला राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. कारण शेट बरोबर असण्याची शक्यता होती. गुरं खरोखरच माळ संपवत असतील तर ते मला लिहावं लागणार होतं, आणि मग टेंभरीपाड्याची सगळी जनावरं चारायची कुठे, याचं उत्तर माझ्या प्रबंधात नसणार होतं. भाताच्या दिवसांत शेतं बंद असतात. तेव्हा गावातली झाडून सगळी गुरं या एका माळावर असतात. माळ गेला तर आधी गुरं जाणार आणि मागोमाग शेती. हे मला कुणी शिकवायला नको होतं, मीही खेड्यातलीच.

तरी मी ठरवलं की प्रयोग असा आखायचा की निकाल कुणाच्याही बाजूने लागो, तो माळाचा असला पाहिजे. माझा नाही आणि शेटचाही नाही.

दोन हजार साली पाऊस सरता सरता मी माळावर सहा ठिकाणं निवडली. कुठे उतार, कुठे सपाट, कुठे मुरूम. प्रत्येक ठिकाणी एकमेकींना शक्य तितक्या सारख्या दिसणाऱ्या तीन जागा आखल्या, एकमेकींपासून जरा दूर. कुंपण घालण्याआधीच तिन्ही जागांवर लाकडी चौकट ठेवून आत काय काय उगवलंय ते मोजलं. सुरुवात ठाऊक नसेल तर फरक कसला सांगणार? मग तिघींपैकी कुणाला कुंपण घालायचं, कोणती गुरांना मोकळी ठेवायची आणि कोणती अडीनडीला राखीव ठेवायची, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं होतं.

"चिठ्ठ्या?" प्राचार्य दचकले. "अहो, हे संशोधन आहे की भिशी?"

"सर, मी निवडल्या तर मी नकळत चांगली जागा कुंपणात घेईन. चिठ्ठीला काही कळत नाही, म्हणून ती प्रामाणिक असते."

"पण सगळी कुंपणं रस्त्याकडेला आली तर बोर्ड लावायला बरं पडेल."

शेवटी तोडगा निघाला. चिठ्ठ्या निघतील, पण त्या अध्यक्षांच्या शुभहस्ते. उन्हाळ्यात माळावर मांडव पडला. शेटनी नारळ फोडला, स्टीलच्या डब्यात हात घातला आणि सहाही ठिकाणच्या चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येक चिठ्ठीला टाळ्या पडल्या. एका चिठ्ठीवर 'राखीव' निघालं तेव्हा मागून आमच्याच स्टाफरूममधला एक आवाज आला, "चला, इथेपण आलं!" आणि बरेच जण हसले. मीही हसले. अशा वेळी न हसणाऱ्या बाईला दुसऱ्या वर्षी तास मिळत नाहीत.

कुंपणं उभी राहिली. वर काटेरी तार, खाली शेळी घुसू नये म्हणून जाळी. मोकळ्या जागांच्या कोपऱ्यांना मी चुना लावलेले मोठे दगड बसवले. राखीव जागांपर्यंत पोचता पोचता चुना संपला आणि गड्यांचा धीरही, म्हणून तिथे नुसते लांब लोखंडी खिळे जमिनीत ठोकून टाकले आणि कुंपणाच्या कोपऱ्यापासूनचं अंतर आणि दिशा टिपून ठेवली. राखीव जागांना एवढं पुरे, असं मलाही तेव्हा वाटलं.

पाऊस पडला, माळ हिरवा झाला आणि लोकांच्या अंगात सेवाभाव आला.

पहिला सेवाभाव कॉलेजचा. वनमहोत्सवाच्या आठवड्यात प्राचार्यांनी मुलांची फौज माळावर आणली. गेली कित्येक वर्षं कॉलेजने लावलेली रोपं गावच्या शेळ्या नेमाने खात आल्या होत्या. आणि आता तर तालुक्यात शेळी शिरणार नाही अशी सहा कुंपणं आयती तयार! मी जीपमधून उतरले तोवर पहिल्या कुंपणात ओळीने गुलमोहर उभे होते आणि प्राचार्य झारीने पाणी घालत होते, पडत्या पावसात.

मी सगळे गुलमोहर उपटले. त्यांच्यासमोर. प्रयोग गवताचा आहे, आत झाड आलं की सावली आली, सावली आली की प्रयोग संपला, हे मी सांगायला गेले, पण उपटलेलं झाड हातात धरून कितीही शास्त्र सांगा, माणूस खुनीच दिसतो. दुसऱ्या दिवशी मला खुलासा मागणारा मेमो मिळाला. पर्यावरणदिनाचं भाषणही त्या वर्षीपासून माझ्याकडून काढून घेतलं. तो तोटा मी सोसला.

दुसरा सेवाभाव धाऊकाकाचा, आणि तो मला कळायला पाऊस संपावा लागला.

धाऊकाका गावाचा गुराखी. सकाळी घराघरातून गुरं गोळा करून माळावर न्यायची आणि संध्याकाळी ज्याची त्याला पोचवायची, हे काम तो मिसरूड फुटल्यापासून करत होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि तोंडाने प्रत्येक गाईला तिच्या घराण्यासकट शिव्या. माझ्याशी मात्र अदबीने. मी चौकट घेऊन गुडघ्यावर बसले की तो लांब उभा राहून बघायचा. त्याला फक्त माझे पिंजरे कळत नव्हते. गुरं चरतात त्या जागेवर गवत किती उगवलं हे नुसतं बघून कळत नाही, कारण उगवलेलं पोटात गेलेलं असतं. म्हणून अशा जागेवर छोटे जाळीचे पिंजरे ठेवायचे, महिन्याने आतलं आणि शेजारचं गवत कापून, वाळवून तोलायचं, आणि पिंजरा दुसरीकडे हलवायचा.

"बाय, खुराडी तर लय झाली," तो म्हणायचा. "कोंबड्या कवा आनतेस?"

ऑक्टोबरात मी पहिला हिशोब मांडला आणि चक्रावले. कुंपणात जेवढं गवत, तेवढंच मोकळ्या जागेत. जाती तेवढ्याच. पिंजऱ्यात आणि पिंजऱ्याबाहेर फरक नाही. म्हणजे गुरांनी माळाला काडीचाही फरक पडत नाही! गाव वाचलं, शेटचं संकुल बुडालं, मी पेढे वाटायला हरकत नव्हती.

पण आजूबाजूच्या माळावर गवत गुडघ्याच्या खाली होतं आणि माझ्या मोकळ्या जागेत मांडीपर्यंत. मोकळ्या जागेत शेणाचा एकही पो नव्हता.

"धाऊकाका, या दगडांच्या आत गुरं चरली ना पावसाळाभर?"

धाऊकाकाने कानाला हात लावला. "नाय गो बाय! आमी काय येडे हाव? तुजी जागा हाय ती. चुना लावलेलं दगड हायत. एक ढोर शिरू दिलं नाय. रंगूची काळी एकदा तोंड घालाया गेली, तर तिला असा हानला की तीन दिस लंगडत व्हती."

कुंपणाला तारेची गरजच नव्हती. चुन्याचे चार दगड आणि एक भला माणूस पुरेसा होता. गावात दुसऱ्याच्या आखलेल्या जागेत गुरं घालणं म्हणजे भांडणाला आमंत्रण, आणि इथे तर मास्तरीणबाईची जागा! त्याने माझा मान राखला होता आणि माझं वर्ष खाल्लं होतं.

खरं सांगते, मोह झाला. हे आकडे तसेच छापले असते तर गावाचा माळ तिथल्या तिथे वाचला असता. पण ते आकडे गुरांचे नव्हते, धाऊकाकाच्या सज्जनपणाचे होते. मी ते फाडले नाहीत, पण प्रबंधात घातलेही नाहीत.

पुढच्या पावसाळ्याआधी मी त्याला बसवून समजावलं. काका, त्या जागेत गुरं गेली पाहिजेत, तरच माझं काम होईल. नेहमी चारता तशीच चारा.

हे वाक्य बोलून मी दुसऱ्या वर्षाचीही माती केली. फोटोवाल्याने 'सहज उभे राहा' म्हटल्यावर आजवर कुणी सहज उभं राहिलंय? बाईंना गुरं पाहिजेत ना, मग घ्या! धाऊकाका सकाळी गुरं सोडायचा ती थेट माझ्या दगडांत. सगळा कळप तिथे दाबून धरायचा, नंतरच माळावर सोडायचा. पावसाळा अर्ध्यावर आला तोवर मोकळ्या जागेत गवताची मुळं वर आली होती आणि चिखलात नुसता टाकळा माजला होता, कारण टाकळ्याला गुरं तोंड लावत नाहीत.

"झालं का बाय काम?" त्याने हौसेने विचारलं. "आनखी हवं तर पलीकडल्या पाड्याची गुरं बी बोलवतो."

त्याच आठवड्यात शेट गाडी घेऊन माळावर आले. एकीकडे कुंपणात कमरेएवढं गवत, दुसरीकडे दगडांत चिखल. शेटच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी आजवर फक्त जेवणावळीतल्या शेवटच्या पंगतीत बघितलंय. त्यांनी फोटोग्राफर बोलावला.

"मॅडम, ह्याला म्हणतात संशोधन," ते म्हणाले. "येत्या वर्षी गांधीजयंतीच्या ग्रामसभेत हेच दाखवू. तुमच्या पर्मनंटचं पण बघूच."

परतीच्या जीपमध्ये मी रडले. पहिल्या वर्षी माणुसकीने आकडे बिघडवले, दुसऱ्या वर्षी तिनेच उलट्या बाजूने बिघडवले, आणि आता ते बिघडलेले आकडे घेऊन शेट गावाच्या तोंडचा माळ काढून घेणार होते. तोही माझ्या नावाने. घरी आईने, सोनूबाईने, ताट वाढलं आणि विचारलं, "गवतासाठी कोन रडतं गं?" मी नुसतंच म्हटलं, दोन्ही जागा गेल्या, आई.

"दोन गेल्या तर तिसरी बघायची," आई म्हणाली. तिला भाकरीबद्दल म्हणायचं होतं. चुलीवर तिसरी टाकलेली होती.

मी ताटावरून उठलेच. तिसरी होतीच की! राखीव. सहाही ठिकाणी, चिठ्ठीने निघालेली, आधी मोजून ठेवलेली, आणि चुना संपल्यामुळे कुणाच्याच लक्षात न राहिलेली. तिला दगड नव्हते, म्हणून धाऊकाकाने तिला ना मान दिला ना तिची सेवा केली. ती आपली माळ म्हणून पडून होती, दोन्ही वर्षं, गुरं जशी चरतात तशी चरली जात. मला स्टाफरूममधलं ते हसणं आठवलं. शेवटी राखीव जागेनेच अब्रू राखली, आता हसा.

मी कुणाला काही बोलले नाही. चुन्याचे दगड तसेच राहू दिले, म्हणजे धाऊकाकाची सेवा तिकडेच चालू राहील. पिंजरे माळभर पसरले, त्यातले निम्मे नुसते दाखवायला. खिळे शोधून राखीव जागा मोजायच्या आणि गुपचूप उठायचं. विचारलंच कुणी तर म्हणायचं, कानातलं पडलं. तिसऱ्या पावसाळ्यात अख्ख्या टेंभरीपाड्याची खात्री झाली की मास्तरीणबाईला कानातलं सांभाळता येत नाही.

तिसऱ्या वर्षाचे आकडे हळूहळू बोलायला लागले. कुंपणात उभं गवत राखीव जागेपेक्षा खूप जास्त होतं, शेटनी खूश व्हावं इतकं. पण गुरांनी खाल्लेलं पिंजऱ्यांच्या हिशोबाने धरलं, तर राखीव जागेतही गवत कुंपणापेक्षा थोडंसंच कमी उगवलं होतं. खरा फरक जातींचा होता. तीन वर्षं कुणी खाल्लं नाही म्हणून कुंपणात उंच, टोचरी कुसळी माजली होती. तिच्या आदल्या वर्षांच्या वाळक्या काड्या तशाच उभ्या होत्या, खाली ऊन पोचत नव्हतं, आणि बुटक्या वनस्पती एकेक करून नाहीशा झाल्या होत्या. राखीव जागेत गुरं उंच गवत खुडत होती, त्यामुळे खालच्यांना ऊन मिळत होतं. सुरुवातीला दोन्हीकडे सारख्याच जाती होत्या. आता एका चौकटीत आत सात-आठ, तर बाहेर चौदा-पंधरा.

मला हायसं वाटलं आणि मी स्वतःलाच बजावलं की हायसं वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. सहाही ठिकाणं पुन्हा मोजली. पाच ठिकाणी तेच निघालं, आणि मुरमाच्या ठिकाणी फरक नव्हता. तेही लिहिलं.

दोन ऑक्टोबरला ग्रामसभा माळावरच भरली. शेटनी माइक आणला होता. सरपंच होत्या अनिताताई. बायकांसाठी जागा राखीव झाली म्हणून निवडून आलेल्या, आणि पहिल्या महिन्यापासून नवऱ्याला ऑफिसच्या बाहेर बसवणाऱ्या. मी पोचले तेव्हा बघते तो सगळ्या कुंपणांच्या भोवतीचं गवत विळ्याने जमिनीलगत छाटलेलं. आत कमरेएवढं, बाहेर टक्कल. आदल्या दिवशी शेटची माणसं आली होती म्हणे, 'साफसफाईला'.

शेट बोलले. गुरांनी काय केलं ते डोळ्यांनी बघा. आत बघा, बाहेर बघा. हे आम्ही नाही म्हणत, शास्त्र म्हणतं. मॅडम, सांगा.

मी म्हटलं, "कुंपणाच्या कडेचं गवत गुरांनी नाही, विळ्याने खाल्लंय. चुन्याच्या दगडांतलं धाऊकाकांनी माझ्यावरच्या मायेने खाऊ घातलंय. दोन्हीवर काही ठरवू नका. माळ नेहमीसारखा कुठे चरला गेला, ते दाखवते."

मी कुंपणाच्या कोपऱ्याला फीत लावली, होकायंत्र बघत चालत गेले आणि थांबले. धाऊकाकाने कोयत्याच्या टोकाने माती उकरली. खिळा वाजला. मग दुसरा, तिसरा, चौथा.

"अरे वा!" शेट हसले. "ही जागा मॅडमनी मागाहून बघून निवडली. सोयीची."

"कशी मागाहून?" अनिताताई म्हणाल्या. "चिठ्ठ्या तुमीच काढल्या ना शेट? नारळ बी तुमीच फोडला. फोटो लावलाय तुमच्या कॉलेजात."

अनिताताईंनी माझ्या हातातली चौकट घेतली आणि त्यांच्यापुढे धरली. "तुमी गवताचे जुने यापारी. बाय शिकलेली, ती तिच्या सोयीचं मोजील. तुमीच मोजा."

एवढ्या लोकांत नाही म्हणता येईना. पांढऱ्या लेंग्याची काळजी घेत शेट राखीव जागेत गुडघ्यावर बसले. पहिली दोन-चार पानं त्यांनी तोंड वाकडं करून बाजूला केली. मग बोटं चालायला लागली. इतक्या वर्षांत त्या बोटांनी फक्त सातबारे चाळले होते, पण गवत ती विसरली नव्हती.

"ही मारवेल," ते म्हणाले. "बघा, कशी दाट. अशी मारवेल तबेल्यावर गेली की भय्ये गाठ उघडायच्या आधी ओढून घ्यायचे. ही पवन्या. हा कवळा, ह्याची भाजी करतात. ही भुईआवळी. तेरडा. ही काय... ही फोडशी." बायका मागून नावं पुरवत होत्या, शेट मान डोलवत होते. कपाळावर घाम आला होता, चेहरा तरुण झाला होता. मला पहिल्यांदाच तो माणूस आवडला, तेवढ्यापुरता.

"आता आतलं मोजा," अनिताताई म्हणाल्या.

शेट कुंपणात शिरले आणि चार पावलांत लेंगा कुसळांनी भरला. त्यांनी एक दांडा उपटला, बोटांत फिरवला आणि संतापून फेकून दिला. "सगळी कुसळी! हे काय गवत आहे? ढोराच्या तोंडात टोचतं. एका गाठीत एवढी कुसळी सापडली तर अख्खा ट्रक परत यायचा. असला माल मी आयुष्यात..."

इथे ते थांबले. माइक चालू होता.

मग मागून धाऊकाकाचा आवाज आला, "म्हंजी शेट, गुरं चरली तिथं माल चांगला, नाय का?"

लोक हसले ते हसतच राहिले. मी माइक घेतला आणि हसण्यावर पाणी ओतलं, कारण ते माझं काम होतं. म्हटलं, आहेत तेवढ्याच गुरांचं हे आहे. गुरं दुप्पट केलीत, तर सगळ्या माळाचा चुन्याच्या दगडांसारखा चिखल होईल, तोही बघून घ्या. आणि मुरमावर मला फरक दिसलेला नाही. कुणी फारसं ऐकलं नाही. हात वर झाले. माळ गुरांसाठीच ठेवायचा ठराव पास झाला, आणि शेटनीही हात वर केला, कारण हरणाऱ्या बाजूला राहायची त्यांना सवय नव्हती.

पुढच्या जूनमध्ये माझी नेमणूक निघाली नाही. 'विषयाला विद्यार्थी कमी' हे कारण होतं. वाईट वाटलं, खोटं का बोलू? वर्गात उभं राहायची मला हौस होती. पण प्रबंध मान्य झाला. शहापूरला एका कॉलेजात थोडे तास मिळाले. आणि पाऊस स्थिरावल्यावर मी चौथ्या वर्षाची मोजणी करायला, आता कुणालाही न विचारता, टेंभरीपाड्याला गेले.

लांबूनच काहीतरी चकाकताना दिसलं. माझ्या राखीव जागेभोवती नवंकोरं कुंपण होतं. जुन्यापेक्षा भक्कम, सिमेंटचे खांब, वर रंगवलेलं फाटक. फाटकावर बोर्ड: 'गुरे चराई संशोधन क्षेत्र. उद्घाटक मा. साईनाथशेट. येथे गुरे सोडण्यास सक्त मनाई आहे.'

आत कुसळीचे कोंब वर येत होते. धाऊकाका फाटकापाशी उभा होता, घोंगडी नवी, चेहरा फुललेला.

"बघ बाय! गावाने केलं. वर्गणी काढली. म्हनले, ह्याच जागंनं माळ वाचवला, तिला जपाया नको? सहाच्या सहा बांदल्या. आता तुझ्या जागंत किडा बी जानार नाय."

मी त्या फाटकाला धरून हसले, हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि धाऊकाकाला वाटलं की ते आनंदाने आलंय. थोडं होतंही तसं. मी विचारलं, "काका, आणि बाकीचा माळ? तिथे कुणी काही घातलं नाही ना?"

"त्याला कोन कुंपन घालील?" तो म्हणाला. "तो गुरांचा हाय."

पलीकडे सगळा माळ उघडा पसरला होता आणि गावची गुरं त्यावर जिकडे तिकडे चरत होती, कुणाचाही मान न ठेवता. मी पिशवीतून फीत काढली, चौकट काढली, खिळे काढले. नव्या जागांच्या चिठ्ठ्याही मीच काढल्या. धाऊकाकाला सांगितलं, कानातलं पडलंय.